गिरणीवाल्याला पाठवलेला निरोप

तुळशीरामभाऊ माणसाकडे बघत नसत, डब्याकडे बघत. मलकापूरला स्टेशनापलीकडच्या आमच्या कॉलनीत मी नवी नवरी म्हणून आले आणि पहिल्यांदा त्यांच्या गिरणीत गेले, तेव्हा मी नमस्कार केला. त्यांनी नमस्कार घेतला नाही. माझ्या हातातला डबा घेतला, झाकण काढलं, आत हात फिरवला आणि म्हणाले, "धुतला, पण वाळवला नाही. उद्या या." मला परत पाठवलं. पुढची अठ्ठावीस वर्षं आमचा संबंध याच पातळीवर राहिला.

गिरणी म्हणजे पत्र्याची एक खोली. गव्हाची चक्की एक, मिरची-हळदीची वेगळी एक, आणि भिंतीला लावलेली डब्यांची रांग. दळण टाकून गेलं की त्यांना सांगायला लागत नसे. कोणत्या घरी पोळीला बारीक लागतं, कोणाकडे भाकरीचं पीठ जरा भरड चालतं, कोणाच्या सासूला दात नाहीत, हे सगळं त्यांना पाठ. चक्कीतून पीठ पडायला लागलं की अंगठा आणि पहिलं बोट यांत चिमूट धरून चोळायचे आणि वरची चक्री अर्धा फेरा फिरवायचे. ते करताना चेहऱ्यावर असा भाव, की जणू सगळ्या गावाने आपल्या अडाणीपणाचं ओझं आणून त्यांच्या दारात टाकलं आहे.

बोलणं कमी आणि जे बोलत ते टोचणारं. पिशवीतून दळण आणणाऱ्या बाईला म्हणाले होते, "घरी डबा नाही, तं पोळ्या ठेवता कशात, उशीत?" डब्यावर नाव न लिहिता झाकणावर लिहायची आमच्या बायकांची सवय त्यांना अजिबात खपत नसे. मलाही त्यांनी सुनावलं होतं, "मॅडम, नाव झाकणावर काऊन लिहिता? टोपी पाहून माणूस वळखता का तुम्ही?" मी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर होते. दिवसभर लोकांना कागदावर कुठे काय लिहायचं ते शिकवायचे. गिरणीवाल्याने मला शिकवावं हे मला पटलं नाही. नाव झाकणावरच राहिलं.

आता निरोपाकडे येते.

मागच्या वर्षी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. हे आधीच निवृत्त झालेले, मुलगा नाशिकला. मलकापूरचं घर विकलं आणि जायचा दिवस ठरला. सामान बांधण्यात मी गुंतले होते, तेवढ्यात ह्यांनी माझ्या फोनवरून निरोपाचा मजकूर तयार केला. ह्यांना लिहायची हौस फार आणि लिहिण्यासारखं काही नाही. मजकूर असा होता: "स्नेही जनहो, गेली अठ्ठावीस वर्षे आपण दिलेल्या निखळ प्रेमाची शिदोरी घेऊन, जड अंतःकरणाने आम्ही मलकापूरचा निरोप घेत आहोत. कळत-नकळत काही चूकभूल झाली असल्यास उदार मनाने क्षमा करावी. नाशिकला आलात तर घरी अवश्य यावे. लोभ असावा." खाली तीन जोडलेले हात आणि एक उगवता सूर्य. जाताना सूर्य का उगवतो आहे, हे मी विचारलं नाही.

मी तो मजकूर वाचला आणि पाठवायला हो म्हणाले. कारण सोपं होतं. शंभरावर लोकांना एकेक फोन करायला मला वेळ नव्हता. फोनमध्ये यादी करून एकदम पाठवायची सोय आहे. ज्यांच्या फोनात आपला नंबर साठवलेला असतो त्या प्रत्येकाला तो वेगळा मिळतो, आणि प्रत्येकाला वाटतं की खास आपल्यालाच आला. म्हणजे एकाच लोट्यातलं पाणी सगळ्यांच्या अंगावर शिंपडायचं आणि प्रत्येकाने अभिषेक झाला म्हणून डोळे मिटायचे.

उत्तरं पाहून माझं निरोपांबद्दलचं मत होतं त्याहून वाईट झालं. साठ-सत्तर जणांनी जोडलेले हात परत पाठवले. दोघांनी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. ह्यांच्या ऑफिसातल्या एका गृहस्थाने "जड अंतःकरणाने" आणि "निरोप" एवढंच वाचलं असावं, त्याने "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलं. ह्यांना वाईट वाटलं. मी म्हटलं, निदान एकाने तरी अर्धा मजकूर वाचला.

तुळशीरामभाऊंकडून काही आलं नाही. दोन निळ्या खुणा तेवढ्या दिसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवटचं दळण घेऊन गेले. मुलाला मलकापूरच्या दळणाच्या पोळ्या आवडतात, म्हणून दोन डबे गहू. गिरणीत त्यांची सून सुनंदा मिरचीच्या चक्कीपाशी होती. भाऊंनी माझे डबे घेतले नाहीत. स्टुलावर बसून चष्मा लावून फोन बघत होते.

मी म्हटलं, "काऊन हो भाऊ, दळण नाही घेत?"

त्यांनी उठून मोटार बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला. अठ्ठावीस वर्षांत मी त्यांना कोणाशी बोलण्यासाठी चक्की बंद करताना पाहिलं नव्हतं. लाईट गेल्याशिवाय ती थांबायची नाही.

"हे तुम्ही पाठवलं?" त्यांनी फोन माझ्यासमोर धरला.

मी हो म्हटलं.

"मलेच पाठवलं का समद्याईले?"

मी खोटं बोलत नाही, निदान चटकन नाही. सगळ्यांना, म्हटलं.

मग त्यांनी तो मजकूर माझ्यासमोर तपासायला घेतला, जसा मी लोकांचा अर्ज तपासायचे तसा. बोट ठेवून एकेक ओळ. निखळ प्रेम कोणी दिलं, म्हणाले. आपण तर दळण दिलं. घरी अवश्य यावे म्हणता, पण घर कुठे आहे? यात ना गल्ली आहे ना घर नंबर. नाशकात उतरून काय माणसाने तुमच्या नावाने हाका मारत फिरायचं? हे मात्र खरं होतं. निरोपात सगळ्यात आधी पत्ता हवा, आणि आमच्या निरोपात सूर्य होता. मी आयुष्यभर पत्ता नसलेले अर्ज परत केले होते. आता माझाच परत आला.

पुढच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"कळत-नकळत चूकभूल," ते म्हणाले. "कळत कोणती, मॅडम? अन् नकळत कोणती? येवढं सांगा."

सुनंदाने मिरचीची चक्कीही बंद केली. माझ्याजवळ उत्तर होतं. नऊ वर्षं होतं.

झालं होतं ते असं. अकरा वर्षांपूर्वी आमच्या वरच्या मजल्यावर विमल नावाची भाडेकरू राहायची. संक्रांतीच्या आधी तिचा आणि माझा, दोघींचा गहू गच्चीवर वाळवून डब्यात भरला. माझा लोकवन, चांगला निवडून घेतलेला. तिचा रेशनचा. डबे दोन्ही सारखे, तेलाचे. कचेरीला उशीर होत होता, म्हणून दोन्ही डब्यांची झाकणं मीच घाईघाईने दाबून बसवली आणि डबे रिक्षात घालून गिरणीवर टाकले. संध्याकाळी झाकणावरची नावं बघून दोघींनी आपापला डबा उचलला. माझ्या पोळ्या काळपट आणि चिवट. तव्यावरून काढली की चामड्यासारखी. मी तडक गिरणीवर गेले आणि पाच-सहा बायकांसमोर भाऊंना विचारलं, माझा लोकवन कुठे घातला? त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "मले काय विचारता? डब्याले विचारा." मला तो उद्धटपणा वाटला.

दोन दिवसांनी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. वीस-बावीस बायका. मी वाण देता देता प्रत्येकीला सांगितलं, की तुळशीराम गिरणीवाला दळण बदलतो. कॉलनीतल्या शकुताईंचं तोंड म्हणजे गावाचा भोंगा. आठवडाभरात निम्मी कॉलनी स्टेशनाजवळच्या दुसऱ्या गिरणीवर जाऊ लागली. मीही गेले. तिथलं पीठ गरम यायचं आणि त्याला करपल्याचा वास यायचा, कारण तो दगडाला टाकी लावून वेळेवर खाचा पाडतच नसे. वर्षभराने मी निमूट तुळशीरामभाऊंकडे परतले. त्यांनी डबा घेतला, आत हात फिरवला, रांगेत ठेवला. एक शब्द नाही. मला वाटलं, आपण माफ केलं. म्हणजे मी त्यांना.

आणखी एक वर्षाने विमल घर सोडून अकोल्याला गेली. तिचं सामान उतरवताना एक डबा दिसला, बुडाशी पोचा आलेला. तो पोचा मी स्वतः पाडला होता, नळावर आपटून. मी तिला म्हटलं, हा माझा. ती म्हणाली, "अहो, त्या संक्रांतीपासून माझ्याकडेच आहे की." मी तिथेच जिन्यात उभी राहिले. चोरी झालीच नव्हती. झाकणं मी उलटीपालटी बसवली होती. माझा लोकवन विमलने खाल्ला होता, आणि पोळ्या एकदम चांगल्या कशा झाल्या असा प्रश्न तिला पडला नव्हता. चांगलं झालं की कोणी चौकशी करत नाही.

हे मी कोणालाही सांगितलं नाही. जुनं झालं, कशाला उकरा, लोक विसरलेही असतील, अशी कारणं मी स्वतःला दिली. तीच कारणं घेऊन टेबलासमोर कोणी आलं असतं तर मी त्याला उभं केलं नसतं.

आता गिरणीत हे सगळं मी उभ्या उभ्या सांगितलं. न रडता. रडून सांगितलं की ऐकणाऱ्याला आपलंच सांत्वन करावं लागतं, आणि तो मोठा चोरटेपणा आहे.

भाऊ म्हणाले, "पोच्याचा डबा तुमचा. त्याच्यावर वरच्या बाईचं झाकण होतं. मले त्याच दिवशी दिसलं."

मी चकित झाले. मग तेव्हाच का नाही सांगितलं, असं विचारलं.

"सांगतलं की. डब्याले विचारा म्हनलं. तुम्ही ऐकून कवा राह्यल्या होत्या? तुम्ही तं बोलून राह्यल्या होत्या."

अकरा वर्षं हा माणूस आपण निर्दोष असल्याचं जाणत होता आणि ज्या बाईने बदनाम केलं तिचं पीठ बारीक दळून देत होता. याला लोक मोठेपणा म्हणतील. मला तो शुद्ध आडमुठेपणा वाटतो. एक वाक्य सरळ बोलले असते तर दोघांचाही त्रास वाचला असता. पण सरळ बोलणं त्यांच्या चक्कीत बसत नसे.

मी म्हटलं, "भाऊ, चुकलं माझं."

"मले सांगून काय करता?" ते म्हणाले. "म्या चोर नोतो, हे मले माहीत आहे. ज्याईले माहीत नाही त्याईले सांगा." मग सुनंदाकडे हात केला. "पोळ्याच्या सनानंतर गिरणी हे सून चालवनार. माह्या गुडघ्यानं आता होत नाही. तुमच्या कॉलनीतल्या दोन गल्ल्या अजून येत नाही आमच्याकडं. हिनं काय केलं व्हतं?"

सुनंदा ओढणीने तोंडावरची मिरची पुसत राहिली. दोन वर्षांपूर्वी ती शकुताईंच्या गल्लीत स्वतः जाऊन आली होती, दळण आमच्याकडे द्या म्हणायला. तिला दारातून सांगितलं होतं, तुझा सासरा डबे बदलतो. हे मला तेव्हाच कळलं होतं. तेव्हाही मी गप्प होते.

घरी येऊन मी लिहायला बसले. ह्यांनी विरोध केला. जाता जाता कशाला शोभा करून घ्यायची, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक श्रद्धांजली म्हणाले आहेत, आता आणखी काय म्हणणार?

पहिला मसुदा मी सवयीने लिहिला: "काही वर्षांपूर्वी दळणाबाबत गैरसमज झाला होता, तो दूर व्हावा." तो घेऊन गिरणीवर गेले. भाऊंनी वाचला आणि विचारलं, गैरसमज आपोआप झाला का? पाऊस पडला तसा पडला का? कोणी केला ते कुठे आहे? नोकरीभर मी असेच कागद लिहिले होते, ज्यात फाईल स्वतःहून गहाळ होते आणि विलंब स्वतःहून होतो. त्या लिखाणात मी तरबेज. गिरणीवाल्याने एका वाचनात ते पकडलं.

दुसऱ्या मसुद्यात मी फार काही घातलं: पश्चात्ताप, मनाचा मोठेपणा, देवमाणूस. त्यावर त्यांनी पिठाचं बोट ठेवलं आणि म्हणाले, "देवमाणूस काढा. देवाले गिरणी चालवाची नसते."

तिसरा असा झाला: "अकरा वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तुम्हाला सांगितलं होतं की तुळशीरामभाऊ दळण बदलतात. ते खोटं होतं. माझ्या आणि विमलच्या डब्यांची झाकणं मी स्वतः उलटीपालटी लावली होती. मला हे नऊ वर्षांपासून माहीत आहे. मी सांगितलं नाही, ही दुसरी चूक. गिरणी आता त्यांची सून सुनंदा चालवणार आहे. तुम्ही माझं ऐकून तिकडे जाणं सोडलं असेल, तर आता माझंच ऐकून परत जा." खाली माझं पूर्ण नाव आणि नाशिकचा पत्ता, घर नंबरासकट.

पाठवायचा कुठे, हाही प्रश्न होता. यादीतून एकेकीला पाठवला तर प्रत्येक जण एकटीच वाचणार आणि एकटीच गिळणार. बदनामी मी चारचौघींत केली होती, म्हणून हा कॉलनीच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला, जिथे कोणी वाचलं हे सगळ्यांना दिसतं. त्या हळदीकुंकवातल्या दोघी ग्रुपवर नव्हत्या, वयामुळे फोन वापरत नाहीत. त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवला. एकीने विचारलं, कोणता तुळशीराम? अकरा वर्षं ती दुसरीकडे दळण टाकत होती आणि का, हे तिला आठवत नव्हतं.

ग्रुपवर वीस मिनिटं शांतता. एरवी तिथे भोपळ्याच्या वेलाला फूल आलं तरी तीस अंगठे येतात. मग एकीने लिहिलं, आम्हाला तेव्हाच शंका आली होती. तेव्हा तिने माझ्या घरातून लाडू खात खात शंकेशिवायच प्रस्थान केलं होतं. विमलने अकोल्याहून हसरा चेहरा टाकला आणि लिहिलं, त्या महिन्यात पोळ्या खरंच मस्त झाल्या होत्या. शकुताईंनी दोन तासांनी लिहिलं, "बोलणाऱ्याने विचार करून बोलावं." त्यांनी हे लिहावं याला वेगळं धैर्य लागतं, आणि ते त्यांच्यात आहे.

निघायच्या दिवशी सकाळी मी गिरणीत ठेवून आलेले डबे आणायला गेले. गिरणीत शकुताई उभ्या होत्या, डबा घेऊन, कशाला आलो हे आपल्याला ठाऊकच नाही असा चेहरा करून. भाऊंनी त्यांचा डबा घेतला, झाकण काढलं, आत हात फिरवला आणि परत दिला. धुऊन आणा, म्हणाले. अकरा वर्षांनी परत आलेलं गिऱ्हाईक त्यांनी दारातून परत पाठवलं. सुनंदाने कपाळाला हात लावला, पण ती हसत होती. शकुताई गेल्या आणि अर्ध्या तासात धुतलेला, वाळवलेला डबा घेऊन आल्या, हे मला नंतर सुनंदाने फोनवर सांगितलं.

माझे आभार भाऊंनी मानले नाहीत. मीही मानले नाहीत. माझे दोन डबे उचलून रिक्षात ठेवले, तेवढं मात्र स्वतः केलं, गुडघा धरत. म्हणाले, "नाशकात पीठ खराब आलं, तं तिथल्या गिरणीवाल्याले बोलाच्या आधी मले फोन करा."

मी म्हटलं, करीन. रिक्षा निघाली तेव्हा ते वळून बघत नव्हते. चक्की सुरू झाली होती.

मलकापूरचं पीठ महिनाभर पुरलं. मग नाशिकला सोसायटीसमोरच्या गिरणीत दळण टाकलं. रव्यासारखं जाड आलं. पोळी लाटायला घेतली तर कडा फाटत होत्या. मी डबा उचलला, चपला घातल्या आणि त्या माणसाला काय काय सुनवायचं ते जुळवत जिना उतरले. दुसऱ्या मजल्यावर थांबून फोन लावला.

मागे चक्कीचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं: पीठ जाड, पोळ्या फाटतात, माणूस बेपर्वा. भाऊंनी ऐकून घेतलं.

"त्याले काय सांगतलं होतं?" त्यांनी विचारलं. "जाड का बारीक?"

मी काहीच सांगितलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत मला कधी सांगावं लागलं नव्हतं.

"मंग?" ते म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.